नवीन रिपोर्ट नाही

यवतमाळच्या ज्या दवाखान्यात मी नोकरी करते, तिथं कॉम्प्युटर विभाग म्हणजे मी एकटीच. दारावर पाटी आहे, आत दोन टेबलं आहेत, पण दुसऱ्या टेबलावरचा माणूस नोकरी सोडून गेला आणि त्याच्या जागी कोणी आलंच नाही. त्याच्या खुर्चीवर मी बिघडलेले कीबोर्ड ठेवते. प्रिंटर अडकला, बिलाचं पान उघडेना, एक्स-रेचा फोटो वर डॉक्टरांकडे दिसेना, असल्या कामांसाठी दिवसभर माझं वरखाली चालू असतं. संध्याकाळी घरी गेल्यावर आईची औषधं असतात, उद्याच्या डब्याची भाजी निवडायची असते. नवरा दिग्रसला जिनिंगमध्ये हिशेब बघतो, कापसाच्या मोसमात तो आठवड्यातून एकदा घरी दिसला तरी खूप. मी हे रडगाणं म्हणून सांगत नाही. त्या दिवसांत मी किती दमलेली होते, एवढंच कळावं म्हणून सांगते.

आमच्याकडे साध्या रक्त-लघवीच्या तपासण्या होतात. पण गाठीचा तुकडा काढला, तर तो तपासायला नागपूरच्या एका लॅबकडे जातो. तुकडा बाटलीत घालून ट्रॅव्हल्सने पाठवायचा, आणि काही दिवसांनी रिपोर्ट मेलने येतो. त्यासाठी दवाखान्याचा एक वेगळा मेलचा पत्ता आहे. तो पत्ता माणसांसाठी नाहीच. एक छोटा प्रोग्रॅम दर पंधरा मिनिटांनी त्या इनबॉक्समध्ये शिरतो, न वाचलेले मेल शोधतो, त्यांतले रिपोर्ट उतरवून घेतो, विषयात लिहिलेल्या नंबरावरून ज्या त्या पेशंटच्या खात्यात टाकतो, लॅबला पोच पाठवतो आणि तो मेल वाचला अशी खूण करून बाहेर पडतो. मग काउंटरवरच्या स्क्रीनवर पेशंटच्या नावापुढे हिरव्या अक्षरांत रिपोर्ट आल्याचं दिसतं. नसेल आला, तर करड्या अक्षरांत 'नवीन रिपोर्ट नाही'.

हा प्रोग्रॅम मी लिहिलेला नाही. एका कंपनीनं लिहिला होता, तिचं कंत्राट संपलं, मंडळी निघून गेली, प्रोग्रॅम राहिला. तो कधी त्रास देत नसे. त्यामुळे त्याच्याकडे बघायची वेळ कधी आली नाही. दवाखान्यात जे ओरडतं त्याच्याकडे आधी धावावं लागतं, माणूस असो की मशीन.

दिवाळी होऊन गेली होती. कापूस वेचणीला आला की आमच्याकडची गर्दी उतरते. अगदी तातडीचं नसेल तर माणसं दुखणं पुढं ढकलतात, ऑपरेशनची तारीख घेऊन पुन्हा रद्द करतात. ओपीडीतले बाक दुपारी रिकामे. म्हणून नागपूरहून रिपोर्ट येत नाहीत हे कोणाला खटकलं नाही. तुकडेच कमी गेले असतील, असं जो तो समजला.

त्याच दिवसांत मारेगावकडच्या एका गावाहून एक बाई यायच्या. पन्नाशीच्या असतील. गावात त्यांची पिठाची गिरणी होती, नवरा गेल्यापासून त्याच चालवत होत्या. सोबत त्यांची धाकटी जाऊ असायची. दोघी एकमेकींशी सतत कुरकुरत बोलायच्या, आणि एक जण पाणी प्यायला गेली की दुसरी अस्वस्थ व्हायची. बाईंच्या छातीत गाठ होती. आमच्या सर्जननी तुकडा काढून पाठवला होता, आणि त्या रिपोर्टसाठी हेलपाटे घालत होत्या.

मला त्या आठवतात कारण एकदा मी काउंटरवर प्रिंटर उघडून बसले होते आणि त्या समोर उभ्या होत्या. काउंटरवरच्या भाऊंनी नंबर टाकला, स्क्रीन बघितला.

"नाही आला, मावशी."

"मांगच्या खेपीलेबी नाहीच म्हनलं होतं."

"तवाही नव्हता आला. आता मी काय करू? आला की इथं दिसते. हे पाहा, नाही म्हणून येऊन राह्यलं."

त्यांनी खरंच स्क्रीन वळवून दाखवला. बाईंना वाचता येत होतं. त्यांनी डोळे बारीक करून ती करडी अक्षरं वाचली. मग जावेकडे वळल्या.

"आला नाही म्हंजे बरंच असन व. वाईट असतं तं त्यायनं फोन करून बलावलं असतं."

"मी तं पयलेच म्हनत होती," जाऊ म्हणाली. "तुमीच जीवाले घोर लावून घेतला."

"तसं काही नसते, मावशी," भाऊ म्हणाले. "रिपोर्ट यायचा आहे अजून. पुढच्या आठवड्यात एक चक्कर मारा, नाहीतर फोन करा."

पण तोवर दोघींच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. जाताना जाऊ म्हणाली की बसस्टँडवर गरम आलूबोंडे खाऊ. मी कार्ट्रिज बसवलं, चाचणीचं पान काढलं आणि वर गेले. एक्स-रेवाले मघापासून फोन करत होते.

पुढच्या आठवड्यात लॅबमधल्या ताई माझ्या खोलीत आल्या. ताई आमच्याकडच्या सगळ्यात जुन्या टेक्निशियन. त्या सहसा फोनच करतात, पायऱ्या चढून येत नाहीत, कारण त्यांचे गुडघे दुखतात. त्या दारात उभ्या राहून दम घेत होत्या.

"मॅडम, तुमचं ते मेलचं मशीन चालू आहे ना?"

"चालू आहे. का?"

"मी नागपूरले फोन केला होता आत्ता. बाटल्या संपल्या आपल्या, त्या मागवाले. तं तो तिकडचा मुलगा म्हणते, 'मॅडम, तुम्ही रिपोर्ट मिळाले असं कळवूनच नाही राहिले. आम्ही सगळे पाठवले. वरून आठवणीचे मेलही पाठवले.' मी म्हटलं, आमच्याकडे तं एकही नाही. तो म्हणते, असं कसं होईन?"

मी प्रोग्रॅमची स्थिती उघडली. हिरवा ठिपका. त्याच्या चालण्याच्या नोंदी उघडल्या. दर पंधरा मिनिटांनी एक ओळ, नेमानं: 'काम पूर्ण. नवीन मेल: ०.' खाली खाली जात राहिले. सगळीकडे तेच. एकही चूक नाही, एकही लाल ओळ नाही.

"हे बघा ताई, तो जातो, बघतो, आणि काही नाही म्हणतो. त्यांनी चुकीच्या पत्त्यावर पाठवले असतील."

"पत्ता तोच आहे. मी वाचून घेतला त्याच्याकडून."

"मग त्यांच्याकडून निघालेच नसतील."

ताई खुर्चीतले कीबोर्ड बाजूला करून बसल्या. "मॅडम, तुम्ही स्वतः उघडून पाहा ना एकदा. मशीन काय म्हणते ते जाऊ द्या."

मी त्या इनबॉक्समध्ये कधी गेलेच नव्हते. पासवर्ड माझ्याकडे नव्हता, तो प्रशासनाच्या साहेबांकडे असायचा. साहेब त्या दिवशी पुसदला कुठल्याशा बैठकीला गेले होते. फोनवर त्यांनी पासवर्ड सांगितला. मोठा होता, मधे चिन्हं होती. दोनदा लिहून घ्यावा लागला.

"नवीन आहे तो," साहेब म्हणाले. "ते सुरक्षिततेचं प्रशिक्षण झालं ना, त्यात सांगितलं होतं सगळे जुने पासवर्ड बदला म्हणून. मी त्याच आठवड्यात सगळे बदलून टाकले."

मी ब्राउझरमध्ये पत्ता टाकला, पासवर्ड टाकला, आणि इनबॉक्स उघडला.

सगळं ठळक होतं. न वाचलेले मेल ठळक अक्षरांत दिसतात, हे माहीत असूनही मला ते पान क्षणभर कळेना. वरपासून खालपर्यंत काळ्याभोर ओळी. नागपूरच्या लॅबचं नाव, पेशंटचा नंबर, कागदाची छोटी खूण. मधेमधे 'कृपया पोच द्यावी' असे विषय. ताई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडून फक्त "अरे बापा" एवढंच निघालं.

मी खाली सरकत गेले. ठळक ओळी जिथे संपत होत्या, तिथली सगळ्यात जुनी ओळ लॅबची नव्हती. मेल सेवेचीच होती. तुमच्या खात्याचा पासवर्ड बदलला आहे, अशी सूचना. ज्या खोलीत कोणीच जात नाही, तिथंच ती सूचना टाकून दिलेली. तिच्या खालचे सगळे मेल वाचलेले, फिकट. तिच्या वरचा एकही नाही.

तेव्हा मला उलगडलं. आमच्या मेल सेवेत असल्या प्रोग्रॅमसाठी वेगळा पासवर्ड काढून द्यावा लागतो. आणि खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला, की तो वेगळा पासवर्ड आपोआप रद्द होतो. साहेबांनी बदल केला त्या दिवसापासून प्रोग्रॅमला आत जाताच येत नव्हतं. तो जात होता, सर्व्हर त्याला नाकारत होता, तो परत येत होता. पण मग तो 'नवीन मेल: ०' असं का लिहीत होता?

खात्री करायला मी प्रोग्रॅमकडचाच पासवर्ड घेऊन सर्व्हरला हातानं लॉगिनची आज्ञा दिली. लगेच उत्तर आलं, ओळख पटली नाही. साधं, स्पष्ट उत्तर. सर्व्हरनं काहीही लपवलं नव्हतं. दर पंधरा मिनिटांनी तो हेच सांगत आला होता.

मग मी प्रोग्रॅम उघडून वाचायला घेतला. फार मोठा नव्हता. मेल आणण्याचं काम एका तुकड्यात होतं: सर्व्हरशी जोडणी कर, लॉगिन कर, न वाचलेले मेल शोध, त्यांची यादी परत दे. आणि त्या सगळ्याभोवती एकच कुंपण घातलेलं: यात काहीही चुकलं तर थांबू नकोस, रिकामी यादी परत दे. वरचा तुकडा ती यादी घ्यायचा आणि मोजायचा. रिकामी यादी म्हणजे शून्य. शून्य म्हणजे काम पूर्ण. बघून काही न मिळणं आणि बघताच न येणं, दोन्हींचं उत्तर एकच.

कोणीतरी चांगल्या हेतूनंच ते केलं असणार. एखाद्या वेळी नेट गेलं तर प्रोग्रॅम मरू नये, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघेल, असा विचार. मी अशी कामं केली आहेत, मला ते समजतं. समजूनही मला खुर्चीतून उठावंसं वाटेना.

"मॅडम, बसून काय राहिल्या? काढा ना ते रिपोर्ट," ताई म्हणाल्या.

मी साहेबांना पुन्हा फोन करून खात्याच्या सेटिंगमध्ये बदल करायची परवानगी घेतली, प्रोग्रॅमसाठी नवा पासवर्ड काढला. तेवढ्यात ताई शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर, मी लिहून घेतलेला पासवर्ड टाकून, तोच इनबॉक्स उघडून बसल्या होत्या आणि एक मेल उघडून प्रिंट देत होत्या.

"ताई, थांबा! उघडू नका."

"काहून?"

"तुम्ही उघडला की तो वाचलेला होतो. प्रोग्रॅम फक्त न वाचलेलेच उचलतो. तो हा सोडून पुढं जाईल, आणि पेशंटच्या खात्यात हा कधीच पडणार नाही."

ताईंनी हात मागे घेतला. पण प्रिंटरमधून पान निघालं होतं. त्यांनी ते वाचलं आणि माझ्यासमोर धरलं. मला त्यातलं वैद्यकीय फारसं कळत नाही, पण शेवटी ठळक अक्षरांत निष्कर्ष असतो, आणि कॅन्सरला रिपोर्टात काय म्हणतात एवढं इथं राहून माहीत झालेलं आहे. वर वय होतं, तालुका होता. मारेगाव.

"गिरणीवाल्या मावशी," ताई म्हणाल्या. "मले पीठ आणून देतो म्हणाल्या होत्या ज्वारीचं."

मी तो मेल पुन्हा न वाचलेला करून ठेवला. नवा पासवर्ड प्रोग्रॅममध्ये घातला. पंधरा मिनिटं थांबण्याचा धीर नव्हता, मी तो हातानंच चालवला. रिपोर्ट एकेक करून आपापल्या जागी पडू लागले. खाली काउंटरवर भाऊंच्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं उमटत असणार, कारण त्यांचा फोन आला.

"मॅडम, हे काय होऊन राह्यलं? एकदम सगळे रिपोर्ट आले! तारखा तं मागच्या दिसतात."

"हो, भाऊ. मी येते खाली."

सर्जन सर ऑपरेशन आटपून आले होते. त्यांनी सगळे रिपोर्ट टेबलावर पसरले आणि दोन गठ्ठे केले. बहुतेक साधे होते, चरबीच्या गाठी, सूज, अपेंडिक्स. त्यांच्याकडच्या माणसांना फोनवर सांगून भागणार होतं. दुसऱ्या गठ्ठ्यात मोजकेच कागद उरले. सगळ्यात वर गिरणीवाल्या बाईंचा.

सर मला रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"मी दोनदा विचारलं होतं काउंटरला," ते म्हणाले. "नाही आला म्हणाले. मला वाटलं, नागपूरला वेळ लागतोय. अधिकच्या तपासण्या करत असतील."

"काउंटरला जे दिसत होतं तेच त्यांनी सांगितलं, सर."

"माहीत आहे. मी कोणाला काही म्हणत नाही. बाईंना बोलवा आधी."

बोलावणं सोपं नव्हतं. बाईंचा फोन बंद. भाऊंनी अर्धा दिवस लावला. शेवटी केसपेपरवर दुसरा नंबर सापडला, तो जावेचा. फोन स्पीकरवर होता, मी आणि ताई काउंटरच्या आत उभ्या होतो.

"ते तं पुसदले गेली," जाऊ म्हणाली. "तिच्या भाचीचं बाळंतपन हाय. म्हैनाभर राहीन म्हने. कायले पाह्यजे?"

"डॉक्टरांनी बोलावलं आहे, बाई. रिपोर्ट आला."

पलीकडे गिरणीचा आवाज होता. तो थांबला. जावेनं पट्टा बंद केला असावा.

"आला? कवा आला?"

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, सांगा म्हणून.

"आधीच आला होता. आमच्याकडे दिसला नाही."

"दिसला नाही म्हंजे? तुमीच तं आमाले ते टीव्हीवर लिवलेलं दाखवलं. नाही म्हून. आमी दोघीयनं वाचलं." तिचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "वाईट हाय का?"

"ते डॉक्टर सांगतील."

"मंग वाईटच हाय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी आल्या. बाई पुसदहून थेट बसनं, जाऊ मारेगावहून. सरांनी त्यांना आत घेतलं आणि मलाही बोलावलं. मला जायचं नव्हतं. सर म्हणाले, "त्या विचारतील की हे कसं झालं. मी सांगितलं तर माझी सारवासारव वाटेल. तुम्ही नीट सांगा."

सरांनी आजाराचं सांगितलं. पुढं वर्ध्याला जावं लागेल, तिथं ऑपरेशन, मग बाकीचे उपचार. बाई ऐकत होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. जाऊ भिंतीकडे बघत होती.

मग सर माझ्याकडे वळले. मी सांगितलं. मेल आलेला होता. तो आणणारा प्रोग्रॅम पासवर्ड बदलल्यामुळे आत जाऊ शकत नव्हता. पण आत जाता आलं नाही असं सांगायच्या ऐवजी तो काही नाही असं सांगत राहिला, आणि आम्ही सगळे त्यावर विसंबून राहिलो. मी शक्य तितकं साधं बोलले.

"मंग तुमी पाह्यलंच नव्हतं," जाऊ म्हणाली.

"नाही. कोणी उघडून बघितलं नव्हतं."

"मंग 'पाह्यलं नाही' असं सांगाव ना. आमी बसलो असतो इथंच धरनं धरून. ते बिचारी पुसदले जाऊन लेकराचे लंगोट धुवून राह्यली, मजेत. म्हने, माहं काही नाही, सुटली मी."

बाईंनी तिच्या मांडीवर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे व." मग सरांना विचारलं, "या दिवसायनं काही बिघडलं का, डॉक्टर?"

सरांनी रिपोर्टावरची तारीख पुन्हा एकदा बघितली. मला त्यांचं ते आवडलं, आणि तेव्हा ते फार जड गेलं.

"खरं सांगू का, मावशी? मला माहीत नाही," ते म्हणाले. "बहुतेक फार फरक पडला नसेल. पण पडलाच नाही, असं मी म्हणू शकत नाही."

बाईंनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "गिरनी कितीक दिवस बंद ठेवा लागन?"

"बंद कायले?" जाऊ म्हणाली. "मी मेली का?"

आणि तिथं पहिल्यांदा दोघी रडल्या, एकमेकींकडे न बघता.

नंतरच्या आठवड्यात साहेबांनी बैठक घेतली. साहेब माणूस वाईट नाही. पासवर्ड बदला असं त्यांना सांगितलं गेलं होतं, त्यांनी बदलले. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं की त्या पासवर्डाच्या आधारावर दुसरं काही उभं आहे. पण ते फार घाबरले होते. अहवालात 'सर्व्हरमधील तांत्रिक बिघाड' असं लिहावं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"सर्व्हर बिघडला नव्हता, साहेब," मी म्हणाले. "तो शेवटपर्यंत बरोबर उत्तर देत होता."

"मग काय लिहू?"

"आपला प्रोग्रॅम लॉगिन न झाल्याची गोष्ट लपवत होता, असं लिहा. तसंच झालं आहे."

त्यावर पुष्कळ बोलणं झालं. कंपनीला पत्र पाठवायचं ठरलं, त्या पत्त्यावर आता कंपनी नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी सरांनी माझी बाजू घेतली आणि ते वाक्य थोडं सौम्य करून अहवालात गेलं. मला त्यातून काही समाधान वगैरे वाटलं नाही. मी खोलीत येऊन पाणी प्यायले आणि प्रोग्रॅम दुरुस्त करायला घेतला.

दुरुस्ती अवघड नव्हती, तेच वाईट होतं. ते कुंपण मी काढून टाकलं. आता प्रोग्रॅम तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतो. मेल मिळाले. बघितलं, नवीन काही नाही. बघता आलं नाही. तिसऱ्या वेळी काउंटरच्या स्क्रीनवर लाल पट्टी येते, माझ्या आणि ताईंच्या फोनवर संदेश येतो, आणि प्रोग्रॅम 'काम पूर्ण' असं लिहीत नाही. शिवाय 'नवीन रिपोर्ट नाही' याच्या खाली शेवटी खरोखर केव्हा बघितलं ती वेळ दिसते.

आठवडाभरातच भाऊ वैतागून वर आले.

"मॅडम, ते लाल पट्टी दिवसातून चारदा येते. नेट गेलं की लाल. लाइट गेली की लाल. लोक विचारतात, हे काय हाय? मी काय सांगू? आता तं मी तिकडं पाहूनच नाही राहिलो."

त्यांचं बरोबर होतं. रोज दिसणाऱ्या लालकडे कोणी बघत नाही. मी पुन्हा बसले. नेट नसेल, सर्व्हरपर्यंत पोचताच आलं नाही, तर प्रोग्रॅम थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करतो, आणि बराच वेळ जमलं नाही तरच लाल दाखवतो. पण सर्व्हरपर्यंत पोचून त्यानं ओळख नाकारली, तर लगेच लाल, आणि पुन्हा प्रयत्न नाही. चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा दिला तर सर्व्हर खातंच बंद करून ठेवू शकतो, आणि तसंही नाकारलेली ओळख थांबून सुधारत नाही, कोणीतरी माणसानंच येऊन ती सुधारावी लागते. त्यानंतर भाऊंची तक्रार आली नाही.

बाईंचं वर्ध्याला ऑपरेशन झालं. मग उपचारांच्या फेऱ्या. मधून मधून त्या आमच्याकडे ड्रेसिंगला यायच्या, डोक्याला रुमाल बांधलेला, चेहरा काळवंडलेला. जाऊ आता काउंटरवर बोलत नसे, सरळ ताईंच्या लॅबमध्ये जाऊन बसायची. मला बघून पहिल्या दोन-तीन वेळा तिनं तोंड फिरवलं. बोलण्यासारखं माझ्याजवळ जे होतं ते मी त्या दिवशी सांगून टाकलं होतं.

उन्हाळा संपता संपता त्या तपासणीला आल्या तेव्हा केस परत यायला लागले होते, बोटभर, पांढरे. सरांनी तपासून सांगितलं की सध्या सगळं ठीक आहे, तीन महिन्यांनी पुन्हा या. जिन्याजवळ त्यांनी मला थांबवलं.

"तुमीच ना त्या, मेलवाल्या?"

"हो, मावशी."

"लई दमलेल्या दिसता."

मी हसले. त्यांनी माझ्या दंडावर थोपटलं आणि जावेच्या हाताला धरून खाली उतरू लागल्या. जाऊ चार पायऱ्या गेल्यावर वळून म्हणाली, "जेवत जा बाई वेळेवर." बस्स, तेवढंच.

आता दवाखाना सगळं सॉफ्टवेअर बदलतो आहे. जुनं जाईल, नवं येईल. मागच्या महिन्यात नव्या कंपनीचा माणूस दाखवायला आला होता. इस्त्रीचा शर्ट, हसतमुख. सभागृहात साहेब, सर, ताई, मी, असे सगळे बसलो होतो. रंग छान होते, अक्षरं मोठी. रिपोर्ट मेलनं येतो आणि आपोआप पेशंटच्या खात्यात पडतो, हे त्यानं फार कौतुकानं करून दाखवलं.

"लॉगिन झालं नाही तर काय दिसेल?" मी विचारलं.

"मॅडम, लॉगिन होणारच. एकदा बसवून दिलं की झालं."

"तरी. करून दाखवाल का? पासवर्ड मुद्दाम चुकवा."

त्याला ते जरा विचित्र वाटलं, पण त्यानं पासवर्डात एक अक्षर बदललं आणि बटण दाबलं. मोठ्या पडद्यावर चक्र फिरलं. मग सुंदर निळ्या अक्षरांत आलं: 'आज नवीन रिपोर्ट नाहीत.'

सरांनी चष्मा काढला. ताई माझ्याकडे बघत होत्या. त्या माणसाला काय बिघडलं ते कळेना, तो आमच्या चेहऱ्यांकडे बघत म्हणाला, "छोटी गोष्ट आहे मॅडम, करून घेऊ आपण."

"करून घ्या," मी म्हणाले. "आणि करून झालं की मला पुन्हा दाखवा, असंच, पासवर्ड चुकवून."

त्यानं मोबाइलमध्ये काहीतरी टिपून घेतलं. तेवढ्यात चहा आला, बाहेर कोणाचा तरी प्रिंटर अडकला होता म्हणून मला बोलावणं आलं, आणि मी कप तसाच ठेवून उठले.